प्रवर्तित धारेची दिशा नेमकी कुठे चुकते: फॅरडे आणि लेन्झचे नियम पायरीपायरीने

बारावीच्या वर्गात विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा संपला की मी फळ्यावर एकच प्रश्न लिहितो. कॉइलजवळ धरलेला चुंबकाचा उत्तर ध्रुव लांब ओढला, तर कॉइलमध्ये तयार होणारं चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेला असेल? निम्म्याहून जास्त वर्ग लिहितो, "चुंबकाच्या क्षेत्राच्या विरुद्ध." कारण विचारलं की सगळे एका सुरात सांगतात, "सर, लेन्झचा नियम. विरोध करते."

उत्तर चूक आहे, आणि दरवर्षी ते याच जागी चुकतं. प्रवर्तित धारा चुंबकाच्या क्षेत्राला विरोध करत नाही, क्षेत्रात होणाऱ्या बदलाला करते. बोलताना हा फरक एका शब्दाचा वाटतो, पण कॉइलमध्ये धारा उलटी की सुलटी हे त्यावरच ठरतं. म्हणून हा धडा कोणत्या क्रमाने करावा, प्रयोगाची तयारी कशी करावी आणि 'विरोध का' या प्रश्नाचं पूर्ण उत्तर काय, हे खाली सविस्तर लिहिलं आहे. परभणी, हिंगोली, बीडकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावात मिळेल एवढंच साहित्य त्याला लागतं.

## १. तयारी: इथे चुकलं तर पुढे नियमच खोटा वाटतो

तार. मोटारी भरून देणाऱ्या दुकानात जा आणि २८ गेजची वाइंडिंग वायर मागा. जळालेल्या मोटारीतून काढलेली तार घेऊ नका. तिचं वार्निश जागोजागी उडालेलं असतं, शेजारशेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि दोनशे वेढ्यांची कॉइल प्रत्यक्षात वीस वेढ्यांचीच राहते.

नळी. साधारण तीन सेंटिमीटर जाडीच्या पीव्हीसी पाइपाचा आखूड तुकडा घ्या, वेढे मावतील एवढा पुरे. त्यावर मधल्या भागात २०० वेढे एकाच दिशेने, एकाला एक लागून घ्या. एक थर संपला की दुसरा थर त्याच्यावर चढवा, पण गुंडाळण्याची दिशा बदलू नका. अर्धे वेढे एका दिशेने आणि अर्धे उलट दिशेने झाले तर दोन्हींचा परिणाम एकमेकांना मारतो आणि काटा हलतच नाही.

तारेच्या डाव्या टोकाला 'क' आणि उजव्या टोकाला 'ख' अशी चिठ्ठी लावा. मग पाइपाच्या डाव्या तोंडाकडून कॉइलकडे बघा. 'क' पासून निघालेली तार घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळत 'ख' कडे जाते की उलट, ते मार्करने पाइपावर बाण काढून नोंदवा. हा बाण काढायला अर्धं मिनिट लागतं, आणि तो नसेल तर पुढचं काहीच पडताळता येत नाही. या लेखात आपली कॉइल डावीकडून बघताना 'क' पासून 'ख' कडे घड्याळाच्या दिशेने जाते असं धरू.

दोन्ही टोकांचं वार्निश पॉलिश पेपरने चारही बाजूंनी घासून काढा. तार मुळात तांबूसच दिसते, त्यामुळे वार्निश निघालं की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. घासल्यावर तार गुलाबीसर चमकायला लागली म्हणजे झालं.

चुंबक. शाळेतल्या पट्टीचुंबकावरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. मी शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी भर वर्गात प्रयोग उलटा आला. मी म्हणालो होतो काटा उजवीकडे जाईल, तो डावीकडे गेला. तास संपेपर्यंत मी जोडणी तपासत बसलो. घरी आणून चुंबक दोऱ्याने टांगला तेव्हा कळलं, लाल रंगाचं टोक दक्षिणेकडे वळत होतं. पट्टीचुंबक वर्षानुवर्षं चुकीच्या पद्धतीने एकत्र ठेवले किंवा ताकदवान चुंबकाजवळ राहिले, तर त्यांचे ध्रुव पालटू शकतात.

> तपासून बघा: चुंबक मधोमध दोरा बांधून लाकडी चौकटीला टांगा. जवळ लोखंडी कपाट, बाक किंवा मोबाइल नको. तो स्थिर झाल्यावर जे टोक उत्तरेकडे राहील, तो उत्तर ध्रुव. होकायंत्राच्या सुईने तपासणार असाल तर आधी ती सुईच बरोबर आहे ना, हे उगवतीकडे तोंड करून डाव्या हाताच्या दिशेवरून पाहून घ्या.

मीटर. मधोमध शून्य असलेला काट्याचा गॅल्व्हानोमीटरच घ्या. अंकांचा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो आणि आपली धारा त्याआधीच येऊन गेलेली असते. "सर, काहीच येत नाही" या तक्रारीचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

## २. काटा काय सांगतो, ते आधी ठरवून घ्या

चुंबक हातात घेण्याआधी गॅल्व्हानोमीटरला एक प्रश्न विचारायचा. तुझ्या डाव्या टर्मिनलमधून धारा आत आली तर तू कुठे झुकतोस?

दीड व्होल्टचा सेल घ्या, त्याच्याबरोबर दहा किलोओहमचा रोधक एकसरीत जोडा. सेलचं धन टोक रोधकातून डाव्या टर्मिनलला आणि ऋण टोक उजव्या टर्मिनलला लावा. धारा ०.१५ मिलिअँपिअरच्या आसपास राहते, काटा थोडाच हलतो आणि मीटरला काही होत नाही. तो उजवीकडे झुकला तर कागदावर लिहून ठेवा: "डावीकडून आत, काटा उजवीकडे."

> खबरदारी: रोधकाशिवाय सेल जोडू नका. गॅल्व्हानोमीटरची आतली तार केसासारखी असते, जळाली की तो गेला.

आता 'क' टोक डाव्या टर्मिनलला आणि 'ख' टोक उजव्या टर्मिनलला जोडा. इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. आता सेलची जागा कॉइलने घेतली आहे. काटा उजवीकडे गेला, म्हणजे धारा डाव्या टर्मिनलमधून मीटरमध्ये शिरली. ती 'क' टोकातून बाहेर पडली असणार, म्हणजे कॉइलच्या आत ती 'ख' कडून 'क' कडे वाहिली. बाहेर 'क' पासून निघाली म्हणून आतही 'क' पासूनच निघाली असेल, असं धरलं की सगळं उलटं होतं.

## ३. पहिला नियम: धारा कधी येते आणि कधी येत नाही

कॉइलमधून जाणारा चुंबकीय फ्लक्स बदलत असेल तोपर्यंतच तिच्यात विद्युतगामक बल, म्हणजे ईएमएफ, तयार होतो. फॅरडेचा पहिला नियम एवढाच आहे.

फ्लक्स म्हणजे काय, हे मी बाजेच्या रिकाम्या चौकटीवरून सांगतो. पाऊस सरळ खाली पडतोय आणि तुम्ही चौकट अंगणात आडवी धरली, तर तिच्यातून भरपूर पाऊस जाईल. तीच चौकट उभी धरली तर एक थेंबही आरपार जाणार नाही. पावसाचा जोर, चौकटीचा आकार आणि तिचा कल या तिन्हींवर आतून किती जाईल ते ठरतं. चुंबकीय क्षेत्र, कॉइलचं क्षेत्रफळ आणि त्यांच्यातला कोन, यांचं तसंच आहे. उपमा इथेच सोडायची, कारण क्षेत्र पावसासारखं कुठून कुठे वाहत नाही.

आता चुंबकाचा उत्तर ध्रुव डावीकडून कॉइलच्या तोंडाशी आणा. काटा झटका देतो. चुंबक तिथेच थांबवा, काटा शून्यावर येतो. चुंबक आतच धरून मिनिटभर थांबा. या क्षणी फ्लक्स सगळ्यात जास्त आहे, आणि धारा शून्य. मुलांना हे स्वतः बघू द्या आणि वहीत लिहू द्या, कारण परीक्षेत "फ्लक्स महत्तम असताना ईएमएफ किती" या प्रश्नाला "महत्तम" असं उत्तर येतं ते इथलं मिनिट घाईत गेल्यामुळे.

मग चुंबक आणि कॉइल दोन्ही एका फळीवर ठेवून फळीच सरकवा. चुंबक हलतोय, कॉइलही हलतेय, पण काटा जागचा हलत नाही. एकमेकांच्या संदर्भात त्या स्थिर आहेत, त्यामुळे फ्लक्स बदलत नाही.

शेवटी 'ख' टोक मीटरपासून सोडा आणि चुंबक पुन्हा आत घाला. धारा अर्थातच येणार नाही. पण ईएमएफ तेव्हाही तयार होतो, वाट तुटलेली असल्यामुळे धारा वाहत नाही एवढंच. हा फरक सहाव्या टप्प्यात कामाला येणार आहे.

## ४. दुसरा नियम: किती येते

ईएमएफ हा फ्लक्स बदलण्याच्या दराइतका असतो, आणि प्रत्येक वेढ्याचा ईएमएफ एकमेकांत मिळवला जातो:

```
e = −N (ΔΦ / Δt)
```

आपल्या कॉइलवर हे करून बघू. पाइपाची त्रिज्या दीड सेंटिमीटर, म्हणजे एका वेढ्याचं क्षेत्रफळ साधारण ७ चौरस सेंटिमीटर, ७ × १०⁻⁴ चौरस मीटर. चुंबक आत आल्यावर तिथलं क्षेत्र ०.०५ टेस्ला धरू, साध्या पट्टीचुंबकाच्या टोकाशी ते साधारण एवढं असतं. मग एका वेढ्यातला फ्लक्स शून्यापासून ३.५ × १०⁻⁵ वेबरपर्यंत वाढला. दोनशे वेढ्यांचा मिळून ७ × १०⁻³. चुंबक आत न्यायला एक दशांश सेकंद लागला, तर सरासरी ईएमएफ ०.०७ व्होल्ट.

कॉइल आणि गॅल्व्हानोमीटर मिळून रोध शंभर ओहम धरला तर धारा ०.७ मिलिअँपिअर. काटा टोकापर्यंत उडवायला ती पुरेशी आहे. मात्र एलईडी यावर कधीच लागणार नाही, कारण साध्या लाल एलईडीला दीड-दोन व्होल्ट लागतात आणि आपल्याकडे त्याच्या पंचविसाव्या भागाइतकंच आहे. "एलईडी पेटत नाही म्हणजे प्रयोग फसला" असं म्हणण्याआधी हा हिशेब करावा.

चुंबक दुप्पट वेगाने आत नेला तर वेळ अर्धा होतो आणि ईएमएफ दुप्पट. वेढे दुप्पट केले तरी ईएमएफ दुप्पट. समीकरणातल्या उणे चिन्हाला अजून हात लावू नका. आकडा काढताना ते बाजूला ठेवायचं आणि दिशा वेगळी काढायची. दोन्ही एकदम करायला गेलेली मुलं हमखास कुठेतरी एक उणे चिन्ह दोनदा मोजतात.

## ५. दिशा: चार प्रश्न, याच क्रमाने

"उत्तर ध्रुव जवळ आला की घड्याळाच्या उलट" असं पाठ करणं धोक्याचं आहे. कोणत्या बाजूने बघताना, हे त्यात नसतं. त्याऐवजी प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारायचे आणि प्रत्येकाचं उत्तर कागदावर लिहायचं.

१. चुंबकाचं क्षेत्र कॉइलमधून कोणत्या दिशेला जातंय?
२. ते वाढतंय की कमी होतंय?
३. मग कॉइलचं स्वतःचं क्षेत्र कोणीकडे हवं? वाढत असेल तर उलट दिशेला, कमी होत असेल तर त्याच दिशेला.
४. उजव्या हाताचा अंगठा त्या तिसऱ्या उत्तराच्या दिशेला धरा. बोटं ज्या दिशेने वळतात, ती धारेची दिशा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुंबक कुठे सरकतोय यावर अवलंबून नाही. क्षेत्ररेषा उत्तर ध्रुवातून बाहेर पडतात. उत्तर ध्रुव कॉइलच्या डावीकडे, तिच्याकडे तोंड करून असेल, तर तो जवळ येत असो की लांब जात असो, कॉइलमधलं क्षेत्र उजवीकडेच आहे. बरीच मुलं इथेच गल्लत करतात आणि चुंबकाच्या गतीची दिशा हीच क्षेत्राची दिशा समजतात.

जवळ आणताना. क्षेत्र उजवीकडे, वाढतंय. म्हणून कॉइलचं क्षेत्र डावीकडे. अंगठा डावीकडे धरला, तर डावीकडून बघणाऱ्याला बोटं घड्याळाच्या उलट वळताना दिसतात. आपल्या कॉइलमध्ये 'क' पासून 'ख' ची वाट घड्याळाच्या दिशेची आहे, म्हणजे धारा 'ख' कडून 'क' कडे. ती 'क' मधून बाहेर पडून डाव्या टर्मिनलमध्ये शिरते. काटा उजवीकडे जायला हवा.

चुंबक आणा आणि बघा. हा अंदाज आधी लिहून मग काटा बघायचा, उलट नाही. काटा बघून मग कारण जुळवलं तर कोणतीही दिशा पटवून देता येते.

लांब नेताना. क्षेत्र अजूनही उजवीकडेच, पण आता कमी होतंय. म्हणून कॉइलचं क्षेत्र उजवीकडे, म्हणजे चुंबकाच्याच दिशेला. धारा उलटते, काटा डावीकडे. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे. कॉइल इथे चुंबकाच्या क्षेत्राला मदत करतेय, कारण ते कमी होणं हा बदल आहे आणि तिचा विरोध त्या कमी होण्याला आहे.

> तपासून बघा: उत्तर काढल्यावर कॉइलचं चुंबकाकडचं तोंड कोणता ध्रुव झालं ते पाहा. चुंबक जवळ येताना ते उत्तर ध्रुव झालं पाहिजे, म्हणजे ढकलेल. लांब जाताना दक्षिण ध्रुव झालं पाहिजे, म्हणजे ओढून धरेल. येणाऱ्याला ढकलणं आणि जाणाऱ्याला धरणं, दोन्ही जुळलं तर दिशा बरोबर.

## ६. पण विरोधच का?

मागे एका मुलीने विचारलं होतं, "सर, कॉइलला कसं कळतं की विरोध करायचाय?" प्रश्न अगदी योग्य होता. याचं उत्तर दोन बाजूंनी द्यावं लागतं, आणि दोन्ही दिल्याशिवाय धडा पुढे नेऊ नये.

पहिली बाजू, ऊर्जेची. क्षणभर समजा की कॉइल विरोध न करता मदत करते. उत्तर ध्रुव जवळ आला की तिचं समोरचं तोंड दक्षिण ध्रुव होतं आणि चुंबकाला ओढतं. चुंबक आणखी वेगाने आत जातो. वेग वाढला म्हणून ईएमएफ वाढतो, धारा वाढते, ओढ आणखी वाढते. हलका धक्का देऊन हात काढून घेतला तरी चुंबक वेग घेत राहिला असता आणि तार तापत राहिली असती. गती आणि उष्णता दोन्ही फुकट. तसं होत नाही. तारेत जी उष्णता तयार होते, तिची किंमत चुंबक ढकलणाऱ्या हाताला विरोधाविरुद्ध काम करून मोजावी लागते.

इथेच तिसऱ्या टप्प्यातली उघडी कॉइल आठवा. टोक सोडलेलं असताना ईएमएफ होता, पण धारा नव्हती, उष्णता नव्हती आणि म्हणून विरोधही नव्हता. विरोध धारेमुळे येतो, नुसत्या ईएमएफमुळे नाही.

दुसरी बाजू, बलाची. ऊर्जेचं उत्तर 'असं व्हायलाच हवं' एवढं सांगतं, 'कसं होतं' ते सांगत नाही. त्यासाठी कॉइल सोडून साधी मांडणी घ्या. कागदावर दोन समांतर आडवे रूळ, त्यांवर एक उभा धातूचा दांडा, डावीकडे रूळ एकमेकांना जोडलेले. चुंबकीय क्षेत्र कागदात आत जाणारं. दांडा तुम्ही उजवीकडे ढकलताय.

दांड्यातले प्रभार दांड्याबरोबर उजवीकडे निघाले आहेत. क्षेत्रात हलणाऱ्या प्रभारावर चुंबकीय बल लागतं. वेग उजवीकडे, क्षेत्र आत, म्हणून धन प्रभारावर बल वर. (इलेक्ट्रॉन खाली ढकलले जातात, धारेची दिशा तीच राहते.) म्हणजे दांड्यात धारा वर वाहायला लागली. आता हीच धारा त्याच क्षेत्रात आहे, आणि धारा वाहणाऱ्या तारेवरही बल लागतं. धारा वर, क्षेत्र आत, म्हणून बल डावीकडे. दांडा उजवीकडे जातोय आणि बल डावीकडे लागतंय.

हाच विरोध. कॉइलला काही कळावं लागत नाही. एकच चुंबकीय बल दोनदा लागू झालं. पहिल्या वेळी त्याने दिशा नव्वद अंशांनी वळवली आणि धारा तयार झाली, दुसऱ्या वेळी त्याच बाजूला आणखी नव्वद अंशांनी वळवली. दोन काटकोनांनंतर दिशा उलटी होते. वहीत हे दोन बाण काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता आकडे. क्षेत्र ०.५ टेस्ला, दांडा ०.२ मीटर, वेग सेकंदाला २ मीटर, रोध ०.१ ओहम. ईएमएफ ०.५ × ०.२ × २ = ०.२ व्होल्ट. धारा २ अँपिअर. दांड्यावर उलटं बल ०.५ × २ × ०.२ = ०.२ न्यूटन. वेग कायम ठेवायला तुम्हाला तेवढंच बल लावावं लागेल, म्हणजे तुम्ही सेकंदाला ०.२ × २ = ०.४ ज्यूल काम करताय. तारेतली उष्णता: धारेचा वर्ग गुणिले रोध, ४ × ०.१ = ०.४ वॅट. तुमच्या हातातून गेलं तेवढंच तारेत निघालं, एक कणही कमी-जास्त नाही. मी हे गणित दरवर्षी फळ्यावर सोडवतो आणि दोन्ही ०.४ एकमेकांखाली लिहितो.

> मर्यादा: बलाची ही मांडणी तार हलत असेल तेव्हाची आहे. तार स्थिर असून क्षेत्रच बदलत असेल, तर धारा सुरू करणारं बल बदलत्या क्षेत्राने तयार झालेल्या विद्युत क्षेत्राचं असतं. तिथे 'वेग उजवीकडे, बल वर' हे लागू करू नका. चार प्रश्न आणि ऊर्जेचा हिशेब मात्र तिथेही चालतात.

हाताने अनुभवण्यासाठी. एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे जाड तांब्याच्या पाइपाचा तुकडा मिळतो. त्यात सैल बसेल असा लहान गोल निओडिमियम चुंबक वरून सोडा. मीटरभर उंचीवरून मोकळी पडलेली वस्तू अर्ध्या सेकंदाच्या आतच खाली येते. हा चुंबक सावकाश, तरंगत आल्यासारखा उतरतो. चुंबकाच्या खालच्या भागातली पाइपाची कडी त्याला ढकलते आणि वरच्या भागातली ओढून धरते, पाचव्या टप्प्यातल्या दोन्ही दिशा एकाच वेळी. पाइप लोखंडी नाही ना, हे आधी चुंबक चिकटवून पाहा. पीव्हीसी पाइपातून तोच चुंबक सोडून फरकही दाखवा.

पाइपात चुंबक पूर्ण थांबत का नाही, हाही प्रश्न येतो. तो थांबला तर बदल थांबेल, धारा थांबेल आणि विरोधही जाईल. मग वजन त्याला पुन्हा खाली नेईल. विरोध बदलाला हळू करतो, बंद करू शकत नाही, कारण तांब्याला रोध आहे आणि धारा सतत उष्णतेत विरत राहते.

## ७. चुंबक न हलवता तीच परीक्षा

दुसरी कॉइल करा आणि पहिलीच्या तोंडाला तोंड लावून ठेवा. दुसरीला सेल आणि पुश-बटण जोडा. बटण दाबलं की पहिलीच्या मीटरचा काटा एका बाजूला झटका देतो, दाबून धरलं तर शून्यावर येतो, सोडलं की दुसऱ्या बाजूला झटका देतो.

दाबताना क्षेत्र वाढतं, म्हणून पहिल्या कॉइलची धारा दुसरीच्या धारेच्या उलट फिरते. सोडताना क्षेत्र कमी होतं, म्हणून तिच्याच दिशेने. मधल्या स्थितीत सेल भरपूर धारा देत असतो आणि आपल्या मीटरवर काहीच नसतं. "सेल जोडलाय तर धारा यायला हवी" असं वाटत असेल तर तिसरा टप्पा पुन्हा करा.

> खबरदारी: बटण पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. कॉइलचा रोध तीनेक ओहमच असतो, सेल लवकर उतरतो आणि मग झटके लहान येऊन मुलं गोंधळतात.

## ८. शेवटची चूक: विरोध म्हणजे ब्रेक

इथपर्यंत आलेल्या मुलांच्या डोक्यात एक नवीन चुकीची समजूत बसलेली असते: प्रवर्तित धारा नेहमी गती थांबवते. ती मोडायला मी विहिरीवरची मोटार घेतो. ज्यांच्या वावरात पंप आहे त्यांना ही माहीत असते, पण या धड्याशी जोडून कोणी बघितलेली नसते.

पाण्याच्या मोटारीच्या रोटरला बाहेरून वीज दिलेली नसते. बाहेरच्या स्टेटरमध्ये गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. रोटर थांबलेला असताना त्याच्यासमोरून क्षेत्र वेगाने सरकतं, रोटरच्या दांड्यांमधला फ्लक्स झपाट्याने बदलतो आणि त्यांच्यात धारा तयार होते. तिने बदलाला विरोध करायचा आहे. बदल कशामुळे होतोय? क्षेत्र पुढे पळतंय आणि रोटर मागे राहतोय म्हणून. हा बदल कमी करण्याचा एकच मार्ग आहे, रोटरने क्षेत्राच्या मागे धावणं. आणि तो धावतो. इथे लेन्झचा नियम ब्रेक लावत नाही, मोटार फिरवतो.

मोटारीवरची पाटी वाचा. पन्नास हर्ट्झच्या आपल्या लाइनवर दोन ध्रुवांच्या मोटारीत क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, आणि पाटीवर आकडा २८८० च्या आसपास असतो. चार ध्रुवांच्या मोटारीत १५००, पाटीवर १४४० च्या जवळपास. रोटर क्षेत्राला कधीच गाठत नाही. गाठलं तर दोघांमधला फरक शून्य, फ्लक्स बदलणार नाही, धारा नाही आणि जोरही नाही. पाइपातला चुंबक पूर्ण थांबत नाही आणि मोटार पूर्ण ३००० ने फिरत नाही, यांचं कारण एकच आहे.

मोटार गाळाने अडकली किंवा व्होल्टेज इतकं उतरलं की ती उचलतच नाही, तर ती का जळते तेही इथूनच कळतं. रोटर थांबलेला, क्षेत्र मात्र पूर्ण वेगाने फिरतंय, म्हणजे बदलाचा दर सगळ्यात जास्त. रोटरमधली धारा प्रचंड वाढते, तिच्यापायी स्टेटर लाइनमधून नेहमीच्या कित्येक पट धारा ओढतो, आणि स्टार्टरने वेळेत तोडलं नाही तर वाइंडिंग काळं पडतं.

मुलांना घरी करायला हे द्यावं: स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या मोटारीच्या पाटीवरचा फेऱ्यांचा आकडा उतरवून आणा, ती दोन ध्रुवांची की चार ध्रुवांची ते त्यावरून ओळखा, आणि रोटर क्षेत्राच्या मागे मिनिटाला किती फेरे राहतो ते काढा. पाटी वाचण्याआधी मेन स्विच बंद करायला सांगा. लाइट रात्रपाळीची असेल तर हे काम दिवसाच उरकून घ्यावं.